कथेचा शेवट दर वेळी गुंडाळला जातो: दोष कुठे असतो आणि तो कसा काढायचा

कथा बरी चाललेली असते. माणसं उभी राहिलेली असतात, घर दिसत असतं, संवाद कानात वाजत असतात. मग शेवटच्या दीड पानात कुणाला तरी अपघात होतो, कुणाला तरी पश्चात्ताप होतो, ट्रंकेच्या तळाशी जुनं पत्र सापडतं नाहीतर अंथरुणाला खिळलेली आई सगळ्यांना जवळ घेऊन डोळे मिटते. वाचणारा म्हणतो, "छान आहे, पण शेवट गुंडाळल्यासारखा वाटला." आपण शेवटचं पान पुन्हा लिहितो, तीन परिच्छेद वाढवतो, थोडं वर्णन घालतो. तरी तो गुंडाळलेलाच वाटतो.

माझ्या लागोपाठ तीन कथांचं हे झालं. तिसरी कथा आमच्या वाचनगटात वाचून दाखवली तेव्हा गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, "शेवटचा अपघात कुणी घडवला?" मी म्हटलं, "कुणी घडवला म्हणजे? अपघातच तो." त्या म्हणाल्या, "मग तुझी माणसं एवढी पंधरा पानं काय करत होती?" त्या एका प्रश्नावरून मला दोषाची जागा सापडली. शेवट गुंडाळलेला दिसतो शेवटच्या पानावर, पण बिघाड तिथे नसतो. तो असतो मधल्या पानांत, जिथे पात्राने काहीतरी ठरवलं आणि त्याबद्दल त्याच्याकडून कथेने काहीच वसूल केलं नाही. अशा निर्णयांना मी फुकट गेलेले निर्णय म्हणते. ते सापडले की शेवट बहुतेक वेळा आपोआप सापडतो.

ही तिसरी कथा कशी दुरुस्त केली ते सविस्तर सांगते, कारण नुसत्या नियमावरून हे कळत नाही.

बिघडलेली कथा

सुलभा पन्नाशीची, पुण्यात दोन खोल्यांच्या घरात नवऱ्यासोबत राहणारी. धाकटा भाऊ दत्ता गावी शेती करतो. वडील जाऊन दोन वर्षं झालीत, अडीच एकराच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिघांची नावं लागली आहेत: आई, सुलभा आणि दत्ता. दत्ताला पीककर्ज काढायचंय, दर वेळी सगळ्यांच्या सह्या गोळा करणं त्याला जड जातं, म्हणून तो भाऊबीजेला सुलभाकडे हक्कसोडपत्राचा विषय काढतो. नवरा, विलास, तिला आधीच सांगून चुकलेला असतो, "सही करायच्या आधी मला सांग." सुलभा त्याला न सांगता गावी जाते आणि सही करते. आदल्या रात्री आई तिला म्हणालेली असते, "दे बाई सही, तुझं माहेर राहील."

दोन वर्षांनी रस्त्याच्या रुंदीकरणात जमिनीचा मोठा पट्टा जातो. मोबदला ठरतो. सुलभाला ते परस्पर कळतं. ती गावी जाते तेव्हा दत्ता नजर चुकवतो, वहिनी चहा ठेवायलाही उठत नाही. इथपर्यंत कथा नीट होती. मग माझा शेवट थोडक्यात असा होता:

"तेवढ्यात फोन वाजला. दत्ताच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं होतं. सुलभा धावतच दवाखान्यात पोचली. पांढऱ्या पट्ट्यांतून दत्ताचे डोळे तेवढे दिसत होते. 'ताई, चुकलो गं,' तो म्हणाला आणि उशीखालून त्याने चेक काढला. सुलभाने तो चेक फाडला. 'मला माझा भाऊ पाहिजे,' ती म्हणाली. दारात उभ्या असलेल्या आईने पदराने डोळे पुसले."

वाचनगटात दोघींच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. म्हणून हा दोष पकडणं अवघड जातं. भाऊ-बहीण, दवाखाना आणि आईचा पदर एकत्र आले की पाणी येतंच. ते पाणी माझ्या कथेने आणलेलं नव्हतं, ते वाचणाऱ्यांच्या मनात आधीपासून साठलेलं होतं. सुलभाच्या जागी कुठलीही बहीण आणि दत्ताच्या जागी कुठलाही भाऊ घातला असता तरी तो परिच्छेद तसाच चालला असता. तुमचा शेवट दुसऱ्याच कथेला जसाच्या तसा चिकटवता येत असेल, तर दोष आहे हे नक्की समजा.

पहिली तपासणी: प्रसंगांमधला शब्द

एका कागदावर प्रत्येक प्रसंग एका ओळीत लिहा. मग दोन ओळींच्या मध्ये कुठला शब्द बसतो तो प्रामाणिकपणे घाला. "म्हणून" किंवा "तरीही" बसत असेल तर मागच्या प्रसंगातून पुढचा निघालाय. "तेवढ्यात", "अचानक", "नेमकं त्याच दिवशी", "मग एकदा" यांपैकी काही घालावं लागत असेल तर तिथे सांधा नाही, दोन प्रसंग नुसते शेजारी ठेवलेत.

माझ्या कथेत नऊ ओळी झाल्या. दत्ताला कर्ज हवंय, म्हणून तो सही मागतो. विलास सावध करतो, तरीही सुलभा सही करते. असं करत सातव्या ओळीपर्यंत ठीक होतं. सातवी ओळ सुलभा गावी येऊन जाब विचारते ही, आणि आठवी अपघाताची. त्या दोन ओळींमध्ये "तेवढ्यात" सोडून दुसरं काहीही बसेना. विशेष म्हणजे मी परिच्छेदाची सुरुवातच त्या शब्दाने केली होती. आपण लिहिताना हात आपल्याला सांगत असतो, आपण ऐकत नाही.

सहाव्या ओळीत रस्ता येतो, तोही योगायोगच आहे. तो मी ठेवला. बाहेरून आलेली गोष्ट पात्रांना अडचणीत टाकत असेल तर वाचक ती मान्य करतो, कारण आता हे काय करणार याची त्याला उत्सुकता वाटते. तीच बाहेरची गोष्ट पात्रांची अडचण सोडवायला आली की तो हिरमुसतो. कधी येते याचाही फरक पडतो. रस्ता कथेच्या मध्यावर आला तर चालतं, शेवटच्या पानावर आला तर नाही. तरी मी एक काळजी घेतली: पहिल्याच पानावर, सुलभा एसटीतून उतरून बांधावरून चालत येते तिथे, मोजणीवाल्यांनी चुन्याने रंगवलेला एक दगड तिला दिसतो आणि ती त्याला वळसा घालून जाते. एकच वाक्य, त्यावर भाष्य नाही.

याच वेळी दुसरी मोजणीही करून घ्यावी, शब्दांची. माझी कथा 3400 शब्दांची होती. सहीच्या प्रसंगाला 850 शब्द होते आणि शेवटाला 260. त्या 260 शब्दांत पाच घटना होत्या: अपघात, दवाखाना, माफी, चेक फाडणं, आईचं रडणं. घाई म्हणतात ती हीच. पण लक्षात घ्या, याच पाच घटना 800 शब्दांत पसरून लिहिल्या असत्या तरी काही सुधारलं नसतं. आधी दोनदा मी हेच करून बघितलं होतं आणि दवाखाना फक्त लांबला होता.

निर्णयांची खतावणी

आता खरं काम. कथा पहिल्यापासून वाचायची आणि जिथे जिथे एखाद्या पात्रापुढे दोन वाटा होत्या आणि त्याने एक धरली, ती प्रत्येक जागा खतावणीसारखी मांडायची. डावीकडे निर्णय. उजवीकडे, त्या निर्णयाने पुढे कुणाला काय भोगावं लागलं. उजवी बाजू कोरी राहिली तर तो निर्णय फुकट गेला.

घटना आणि निर्णय यांत गल्लत होऊ द्यायची नाही. वडील वारले ही घटना. वारस नोंदीत बहिणीचं नाव लावायचं की नाही यावर घरात बोलणं झालं असेल तर तो निर्णय. आणि पात्राला दुसरी वाट दिसत होती हे कथेत कुठेतरी दिसलं पाहिजे, नाहीतर वाचकाच्या लेखी ते ठरवणं नव्हे, वाहत जाणं आहे.

माझ्या पंधरा पानांत असे पाच निर्णय निघाले. त्यातल्या तिघांची उजवी बाजू कोरी होती.

पहिला, सुलभाने विलासला न सांगता सही केली. यावर मी अडीच पानं खर्च केली होती: एसटी स्टँडवर ती त्याला "आईला बरं नाही" असं फोनवर खोटं सांगते, येताना खिशातलं तिकीट बारीक फाडून टाकते. आणि नंतर? विलास कथेतून नाहीसाच झाला होता. एवढं मोठं खोटं मी तिला फुकट पचवू दिलं होतं.

दुसरा, दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा आणि फोटो घेताना तिला विचारलं जातं, "वाचलं का? राजीखुशीने करताय ना?" आणि न वाचताच ती म्हणते, "हो, वाचलंय." भावासमोर कागद उलगडून वाचणं तिला अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. हेसुद्धा मी नुसतं वातावरणनिर्मितीसाठी लिहिलं होतं.

तिसरा निर्णय माझ्या स्वतःच्या कथेत होता आणि तो मलाच दिसला नव्हता. दत्ता फक्त बहिणीची सही घेतो. आईचं गुडघ्याचं दुखणं होतं, तालुक्याला नेणं नको म्हणून तो म्हणतो, "आईचं राहू दे, ती कुठे जाते?" मी ते वाक्य दत्ताचा स्वभाव दाखवायला घातलं होतं. म्हणजे कागदोपत्री काय झालं? सुलभाचं नाव सातबाऱ्यावरून गेलं, आईचं राहिलं. वडिलांमागे मुलामुलींइतकाच विधवा आईलाही वारसाहक्क असतो. मग मोबदला एकट्या दत्ताला कसा मिळेल? मी दवाखान्यात ज्या पैशाचा चेक फाडून घेतला, त्यातला एक वाटा माझ्याच कथेप्रमाणे आईचा होता आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंही.

आई, जिने "दे बाई सही" म्हटलं होतं, शेवटी फक्त पदर डोळ्याला लावायला उरली होती. इथे मी थांबले आणि दोन दिवस काही लिहिलं नाही.

शेवट नव्याने बांधताना

खतावणीच्या कोऱ्या जागा एकमेकांसमोर ठेवून बघायच्या. त्यातल्या दोन जागा एकमेकींना अडवतात का हे शोधायचं, कारण शेवट बहुधा तिथेच असतो. माझ्याकडे होतं: आईच्या हातात आता पैसा आहे. सुलभाने नवऱ्यापासून सही लपवली आहे. सुलभा "फसवलं" म्हणू शकत नाही, कारण "वाचलंय" हे तिनेच साक्षीदारांसमोर म्हटलंय.

तिसरी गोष्ट आधी घेतली, कारण वाचकाच्या मनात पहिला प्रश्न तोच येणार: ही कोर्टात का जात नाही? मी कोर्टाची वाट बंद केली ती कायद्याने नाही, तिच्याच शब्दाने. सुलभा नामदेवकाकांकडे जाते. सहीच्या दिवशी ओळख पटवायला तेच बरोबर होते.

"काका, मी वाचलं नव्हतं. तुम्हाला तर माहितीय."

"मला काय माहितीय? सायबानं विचारलं, तू म्हणालीस वाचलंय. माझ्या या कानांनी ऐकलं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तेव्हा मला बरं वाटलं होतं पोरी. म्हटलं, भावावर विश्वास आहे."

काका वाईट नाहीत. ते खोटं बोलत नाहीत, उलट तिला हवं असलेलं खोटं नाकारतात. परिणाम लिहिताना हा प्रकार फार उपयोगी पडतो: पात्राने केलेली चांगली गोष्ट, इथे भावावरचा विश्वास, तीच फिरून त्याच्या आड येते.

मग आई. दत्ताला तिच्या सहीची आता गरज आहे, म्हणून ज्या आईला तालुक्याला नेणं जिवावर आलं होतं तिला तो गाडी करून न्यायला तयार आहे. आई जात नाही. ती सुलभाला म्हणते, "माझा वाटा मी तुझ्या नावावर करते." वाटलं, संपली कथा. पण मग तपासलं: आई हे म्हणाल्यावर राहणार कुठे? दत्ताच्या घरात, ज्याच्या तोंडचा पैसा तिने काढला. दोन वर्षांपूर्वी मुलीला सही द्यायला लावून जे घर तिने स्वतःसाठी आणि मुलीसाठी राखलं, तेच आता तिला बंद होतं. हा तिच्या "दे बाई सही"चा हिशोब. म्हणून ती बोचकं बांधते आणि सुलभाबरोबर निघते.

आणि सुलभाला आता आईला घेऊन पुण्याच्या दोन खोल्यांत जायचंय, ज्या घरात तिने खोटं लपवून ठेवलंय. आई का आली, याचं उत्तर द्यायचं तर सहीपासून सांगावं लागतं. अडीच पानांचं फुकट गेलेलं खोटं इथे येऊन उभं राहिलं. मी ते शोधायला गेले नव्हते. आईला घराबाहेर काढल्यावर ते आपसूक पुढे आलं. शेवट आता असा आहे:

"स्टँडवर आई बोचक्यावर हात ठेवून बसली होती. पाणी घेतेस का विचारलं तर नको म्हणाली. सुलभाने फोन लावला.

'अहो, मी येतेय. आईपण आहे बरोबर.'

'बरं नाही का त्यांना?'

दोन वर्षांपूर्वी याच खांबाशी उभं राहून तिने हेच कारण सांगितलं होतं. आत्ताही नुसतं हो म्हटलं असतं तर चाललं असतं.

'बरी आहे,' ती म्हणाली. 'तेव्हाही बरीच होती.'

पलीकडे कूकरची शिट्टी झाली. विलासने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

'सुलभा, तू सही केली होतीस?'

गाडी फलाटाला लागत होती. आई उठून उभी राहिली आणि बोचकं उचलायला खाली वाकली."

यात घटना एकच आहे, फोन. पण तिच्यापुढे पुन्हा तीच वाट ठेवली आहे, तेच स्टँड, तेच तयार खोटं, आणि या वेळी ती ते घेत नाही. शेवटच्या प्रसंगात पात्राला पुन्हा काहीतरी ठरवावं लागलं पाहिजे, आणि ते ठरवणं आधीच्या ठरवण्यापेक्षा महाग पडलं पाहिजे. नुसता जुना हिशोब चुकता झाला तर शेवट खाते बंद केल्यासारखा कोरडा होतो. दत्ताने माफी मागितलेली नाही, पैशाचं काय झालं ते सांगितलेलं नाही. विलास पुढे काय म्हणाला तेही नाही. ते सांगायची गरज मला वाटली नाही, कारण सुलभाची गोष्ट तिच्या उत्तरापाशी पूर्ण होते.

मागे जाऊन करायची पेरणी

नवा शेवट बसवला की मागे काही जागा उघड्या पडतात. मला एकच मोठी भर घालावी लागली. दोन वर्षं सुलभाला काहीच कळलं नाही, आणि एकदम मोबदल्याची बातमी, हे पटत नव्हतं. तिला थांबवायची संधी मिळायला हवी होती आणि ती तिने घालवायला हवी होती. हक्कसोडपत्र नोंदवल्यावर सातबाऱ्यावरचा बदल फेरफारातून जातो आणि संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. ही नोटीस मी तिच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवली:

"पोस्टमनने दिलेलं पाकीट तिने उघडलं, पहिली ओळ वाचली आणि तांदळाच्या डब्याखाली सरकवलं. विलास दुपारपाळीहून यायची वेळ झाली होती. पुढच्या महिन्यात तांदूळ भरताना ते तिच्या हाताला लागलं, तेव्हा तारीख उलटून गेली होती."

तीसएक शब्द. विलासपासून लपवणं आणि जमीन हातची जाणं या दोन धाग्यांची गाठ इथे पडते: नोटीस तिने पुढे वाचली नाही कारण नवरा घरी येणार होता. पहिल्या खोट्याने दुसरी चूक करायला लावली. पेरणी करताना मी एवढं बघते की ती गोष्ट त्या प्रसंगात स्वतःच्या कामासाठी आली पाहिजे. इथे पाकीट लपवणं ही त्या क्षणाची गरज आहे, शेवटासाठी ठेवलेली खूण नाही. पहिल्या खर्ड्यात मी हे पाकीट आणखी दोनदा दाखवलं होतं, एकदा झाडलोट करताना आणि एकदा स्वप्नात. वाचून दाखवल्यावर लगेच एकाने ओळखलं की याच्यावरून काहीतरी होणार. दोन्ही जागा काढल्या.

शब्दमर्यादा 3500 होती. नवा शेवट, काकांचा प्रसंग धरून, 620 शब्दांचा झाला. जागा करायला सुरुवातीचा एसटी प्रवास कापला. त्यातली झाडं आणि घाट मला आवडत होते, पण त्या 320 शब्दांत कुणी काही ठरवत नव्हतं. शेवटाला शब्द कमी पडतात तेव्हा ते जवळजवळ नेहमी पहिल्या चार पानांत अडकलेले असतात. दिवाळी अंकाची मुदत जवळ आलेली असताना आपण वेळही असाच उधळतो. पहिली चार पानं महिनाभर घासतो आणि शेवट एका रात्रीत लिहितो. आता मी आठवी-नववी ओळ ठरल्याशिवाय पहिलं पान दुसऱ्यांदा लिहीत नाही.

इथे बहुतेक जण घसरतात

परिणाम म्हणजे शिक्षा असं समजून दुरुस्ती करायला गेलात तर कथा कीर्तनातल्या दृष्टांतासारखी होईल. दत्ताचा अपघातही एका अर्थाने "केल्याचं फळ" होतं, पण तो ट्रक त्याच्या करण्यातून आलेला नव्हता. वाचकाच्या मनातला न्याय झाला, एवढंच. दत्ताच्या करण्यातून काय आलं? ज्या आईला त्याने हिशोबात धरलं नाही, तीच घरातून गेली.

हा फरक समजायला मला महाभारतातला कर्ण उपयोगी पडला. त्याच्या शेवटाशी दोन शाप जोडलेले आहेत. एका ब्राह्मणाची गाय त्याच्या हातून नकळत मेली, म्हणून ऐन युद्धात रथाचं चाक रुतणार. आणि अस्त्रविद्या मिळावी म्हणून त्याने परशुरामांना आपण ब्राह्मण असल्याचं सांगितलं, म्हणून गरजेच्या वेळी अस्त्र आठवणार नाही. चित्रात आपल्याला चाक दिसतं, पण मला दुसरा शाप जास्त घट्ट वाटतो. गाय चुकून मेली. खोटं मात्र त्याने ठरवून सांगितलं, विद्या मिळावी म्हणून सांगितलं, आणि तीच विद्या गेली. काय मिळवायला काय केलं आणि नेमकं काय गमावलं, हे तिन्ही एकाच दोरीत आहेत. स्वतःच्या कथेतला परिणाम तपासताना मी हाच प्रश्न विचारते. सुलभाने माहेर टिकावं म्हणून सही केली. शेवटी माहेर बोचकं घेऊन तिच्या शेजारी स्टँडवर बसलंय.

दुसरी घसरण म्हणजे पात्राला शेवटी अचानक शहाणं करणं. नव्या खर्ड्यात एकदा मी सुलभाला फोनवर सगळं सांगायला लावलं होतं, सही, नोटीस, आईचा वाटा, पाऊण पानभर. वाचकाला हे सगळं माहीत असतं. त्याला हवं असतं ते फक्त ती हे सांगायला सुरुवात करते की नाही. "तेव्हाही बरीच होती" एवढ्यावर मी ते आणलं.

आणि हे सगळ्या कथांना लागू पडत नाही. जिथे माणसांच्या हातात काहीच नव्हतं हेच सांगायचंय, दुष्काळ, दंगल, साथ, तिथे निर्णयांची खतावणी मांडून ओढूनताणून दुवे जोडलेत तर संकटात सापडलेल्यांवरच दोष येईल. तसल्या कथेत शेवट घाईचा वाटत असेल तर कारण वेगळं असतं.

झालं की नाही, हे कसं ओळखायचं

शेवटचं पान काढून ठेवून कथा अशा दोघांना द्या ज्यांनी आधीचा खर्डा वाचलेला नाही. विचारा, आता काय होईल? दोघांनीही तुमचाच शेवट तंतोतंत सांगितला तर पेरणी जास्त झाली. दोघांनाही काहीच सुचलं नाही तर कमी झाली. मला मिळालेली उत्तरं अशी होती. एकाने सांगितलं, आई पैसे मुलीला देईल. दुसरी म्हणाली, "ते माहीत नाही, पण तिला नवऱ्याला सांगावं लागणार आहे, आणि ते ती टाळतेय." मग तिला शेवटचं पान दिलं. ती ते वाचून पुन्हा मागे गेली, पान चारवर, पहिल्या फोनपाशी, आणि तिथली ओळ तिने बोट ठेवून पुन्हा वाचली.